सिरिंजचा हात आणि नळीतली हवा

५ ऑगस्टला, मंगळवारी संध्याकाळी, लेकाने दप्तरातून एक चुरगळलेला कागद काढून माझ्या शिलाई मशीनवर ठेवला. शाळेचे विज्ञान प्रदर्शन १२ सप्टेंबरला होते आणि आठवीच्या मुलांनी ‘प्रत्यक्ष चालणारे’ मॉडेल करायचे होते. विषय त्याने वर्गातच नोंदवून टाकला होता: सिरिंज आणि नळ्यांचा हायड्रॉलिक, म्हणजे पाण्याच्या दाबाने हलणारा, हात. मी वाणिज्य शाखेची, डिचोलीला घरीच शिवणकाम करते. ह्यांची वेर्ण्याच्या कारखान्यात पाळी असते, त्यामुळे हे काम माझ्याच वाट्याला येणार हे तेव्हाच कळले. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पुढच्या वर्षी कुणाच्या घरी असाच कागद आला तर त्यांना निदान कुठे अडकायला होते ते आधीच कळावे, म्हणून हे सगळे तारखांसकट लिहिते आहे.

पहिले काम कागदपत्रांचे होते. १४ ऑगस्टपर्यंत अडीचशे शब्दांचा गोषवारा, मार्गदर्शक शिक्षकांची सही, पालकांचे संमतीपत्र आणि साहित्याची यादी खर्चासह द्यायची होती. मॉडेल नव्वद बाय साठ सेंटिमीटरच्या टेबलावर मावायला हवे, वीज मिळणार नाही आणि टोकदार वस्तू आणायची नाही, असे खाली छापले होते. सिरिंज म्हटल्यावर बाईंनी पहिला प्रश्न सुईचाच विचारला. म्हणून आम्ही यादीत ‘सिरिंज (सुईविना)’ असे स्पष्ट लिहिले आणि मग सही लगेच मिळाली. याशिवाय रोजची नोंदवही लागते. ती शेवटच्या आठवड्यात एकदम लिहायला घेऊ नका. आमच्या फसलेल्या प्रयोगांच्या नोंदींवरच पुढे परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न विचारले.

८ तारखेला फार्मसीत गेलो. हाताच्या तीन हालचाली करायच्या होत्या: खांदा, कोपर आणि चिमटा. प्रत्येक हालचालीला दोन सिरिंज लागतात, एक आपण दाबायची आणि दुसरी हातावर बसवायची. १० मिलीच्या सहा घेतल्या, प्रत्येकी १० रुपये. ५ मिलीच्या तीन घेतल्या, १८ रुपयांच्या. सलाईनचा एक सेट ४५ रुपयांना. त्याची दीड मीटर नळी कापली की पन्नास सेंटिमीटरचे तीन तुकडे होतात. सिरिंज घेताना टोक पाहून घ्या. काहींच्या टोकाभोवती सुई फिरवून बसवायला आटे असतात, त्यांवर नळी चढत नाही. साध्या, निमुळत्या टोकाच्याच घ्या. पाकिटात सुई येतेच. आम्ही सुया टोपण न काढता तिथेच फार्मसीवाल्याकडे परत दिल्या, त्यांच्याकडे त्यांचा वेगळा डबा असतो.

सलाईनची नळी सिरिंजच्या टोकापेक्षा थोडी अरुंद असते. तिचे टोक दहा-पंधरा सेकंद गरम पाण्यात धरले की ती मऊ होते, टोकावर चढते आणि थंड झाल्यावर घट्ट आवळून बसते. मत्स्यालयाची नळी सहज चढते, पण जोर आला की तितक्याच सहज निसटते. ती म्हापशाहून आणलेली नळी आमच्याकडे तशीच पडून आहे.

१० तारखेच्या रविवारी टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा सांगाडा तयार झाला. १७ तारखेला पहिल्यांदा सगळे जोडले. लेकाने दट्ट्या दाबला, कोपराची भुजा वर गेली आणि आम्ही दोघेही आनंदाने ओरडलो. मग त्याने चिमट्याच्या जागी शंभर ग्रॅमची साबणाची वडी बांधली. दट्ट्या दाबला, तो आत गेला, पण भुजा जागची हलली नाही. आणखी दाबल्यावर ती जराशी उचलली गेली आणि स्प्रिंगवर ठेवल्यासारखी डुलायला लागली. आठ-दहा वेळा तेच झाले. लेक रडवेला झाला आणि म्हणाला, “आई, विषय बदलून मागूया का?”

त्या रात्री एक गोष्ट करून पाहिली, ती सगळ्यांनी आधीच करावी. सिरिंजमध्ये पाणी भरायचे, टोक बोटाने घट्ट बंद करायचे आणि दट्ट्या दाबायचा. दट्ट्या आत जाऊन सोडल्यावर परत उसळला तर आत हवा आहे. हळूहळू आत सरकत गेला आणि परत आला नाही तर कुठून तरी गळती आहे. अजिबात हलला नाही तर सिरिंज ठीक आहे. आमची सिरिंज एकटी असताना हलली नाही. नळी जोडून नळीचे दुसरे टोक बंद केले तेव्हा मात्र दट्ट्या उसळला. म्हणजे हवा नळीत होती. आम्ही सिरिंज पाण्याने भरली होती, पण नळी रिकामीच जोडली होती.

एवढीशी हवा इतका फरक कसा करेल, हे मला पटत नव्हते. म्हणून दोघांनी वहीत हिशेब मांडला. सिरिंजचे क्षेत्रफळ काढायला व्हर्नियर लागत नाही, हे लेकालाच सुचले. १० मिलीच्या खुणा पट्टीने मोजल्या तर ५.८ सेंटिमीटर भरल्या. १० भागिले ५.८, म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १.७ चौरस सेंटिमीटर. नळी आतून तीन मिलिमीटर, लांबी पन्नास सेंटिमीटर, म्हणजे तिच्यात साडेतीन मिली हवा.

आता वजन. भुजा वीस सेंटिमीटरची आणि टोकाला शंभर ग्रॅम. भुजेचे स्वतःचे साठ ग्रॅम मधोमध धरले, म्हणजे दहा सेंटिमीटरवर. बिजागरीपासूनच्या अंतराने गुणले तर दोन हजार अधिक सहाशे, एकूण २६००. सिरिंजचा दट्ट्या भुजेला बिजागरीपासून तीन सेंटिमीटरवर जोडला होता. २६०० भागिले ३, म्हणजे दट्ट्याला जवळजवळ ८७० ग्रॅमचा जोर लावायला हवा. तो १.७ चौरस सेंटिमीटरवर वाटला की दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलो दाब येतो. वातावरणाचा दाब सुमारे एक किलो असतो, म्हणजे नळीतल्या हवेवर आता दीडपट दाब आला. दाब दीडपट झाला की हवेचे आकारमान दोन तृतीयांश उरते. साडेतीन मिली हवा आकसून २.३ मिली होते आणि आपण ढकललेले १.२ मिली पाणी ती रिकामी झालेली जागा भरण्यातच संपते. तेवढ्याने दुसऱ्या बाजूचा दट्ट्या सात मिलिमीटर कमी सरकतो. तीन सेंटिमीटरवरचे सात मिलिमीटर म्हणजे वीस सेंटिमीटरवरच्या टोकाला जवळजवळ साडेचार सेंटिमीटर. आम्ही पट्टी लावून पाहिले होते, वडी तेवढीच खाली लोंबत होती. हिशेब आणि पट्टी जुळली तेव्हा लेकाचा चेहरा बदलला. विषय बदलायचे त्यानंतर त्याने नाव काढले नाही.

हवा काढायची रीत आम्हाला चौथ्या प्रयत्नात जमली. पाणी आधी उकळून झाकून थंड होऊ द्यायचे, कारण नळाच्या पाण्यात विरघळलेली हवा रात्रभरात बारीक बुडबुडे होऊन नळीला चिकटते. एका सिरिंजमध्ये दहा मिलीपेक्षा थोडे जास्त पाणी ओढायचे, टोक वर धरून टिचक्या मारायच्या आणि बुडबुडा बाहेर ढकलायचा. मग तिला नळी जोडायची, नळीचे मोकळे टोक वर धरायचे आणि टोकावर पाण्याचा थेंब फुगून येईपर्यंत हळू दाबायचे. सिरिंजमधले पाणी नळीत गेल्यामुळे ती पुन्हा भरून घ्यावी लागते, म्हणून नळीचे टोक पाण्याच्या भांड्यात बुडवून दट्ट्या मागे ओढायचा. दुसऱ्या सिरिंजमध्ये थोडे पाणी ओढून तेही तसेच टोक वर करून काढून टाकायचे, म्हणजे तिच्या टोकातली हवा निघते आणि तिचा दट्ट्या पूर्ण आत येतो. आता भांड्यातच, पाण्याखाली, दोन्ही जोडायचे. शेवटी एक सिरिंज पूर्ण भरलेली आणि एक पूर्ण रिकामी असली पाहिजे. दोन्ही अर्ध्या भरल्या तर भुजा निम्म्यातच अडकते. पाण्यात निळ्या शाईचे दोन थेंब घातले, त्यामुळे बुडबुडा लांबूनही दिसू लागला.

हवा गेली, पण १८ तारखेला माझ्या हातून एक चूक झाली. दट्ट्या अडखळत सरकतो असे वाटले म्हणून मी शिलाई मशीनचे तेल रबराला लावले. संध्याकाळी तो लोण्यासारखा सरकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही सिरिंज गच्च. खनिज तेल रबरात शिरते आणि ते फुगते. त्या दोन टाकून द्याव्या लागल्या. रबराला चालते ते ग्लिसरीन, फार्मसीत ३५ रुपयांना बाटली मिळाली. काडीच्या टोकावर येईल एवढे पुरते. दट्ट्या किती अडतो हे मोजायलाही सोपे आहे. टोक उघडे ठेवून सिरिंज स्वयंपाकघरातल्या काट्यावर उभी धरायची आणि दट्ट्या हलेपर्यंत दाबायचे. आमची नवी सिरिंज ४०० ग्रॅमला सुटत होती, आठवडाभर वापरलेली कोरडी सिरिंज किलोच्याही वर. कारखान्यात लावलेला सिलिकॉनचा थर वापरून निघून जातो. प्रदर्शनाच्या आदल्या दिवसासाठी दोन-चार कोऱ्या सिरिंज राखून ठेवा.

२७ ऑगस्टला चवथ आली. आमचा गणपती दीड दिवसांचा. माटोळी, नेवऱ्या, पाहुणे या गडबडीत तो हात माळ्यावर गेला आणि पावसाळी दमट हवेने पुठ्ठा पार मऊ पडला. विसर्जनानंतर खाली काढला तेव्हा दट्ट्या दाबला की भुजेऐवजी खालचा खांबच मागे वाकत होता.

तेव्हा घरी आलेले शेजारचे काका तो बघून थांबले. ते पूर्वी खाणीवर एक्सकॅव्हेटर चालवायचे. २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर आता जेसीबी चालवतात. त्यांनी हात उलटसुलट करून पाहिला. सिरिंज आम्ही ग्लू गनने खांबाला पक्की चिकटवली होती. ती त्यांनी नुसती ओढली तर सुटून हातात आली, कारण सिरिंजच्या प्लॅस्टिकला तो गोंद धरत नाही. मग ते लेकाला म्हणाले, “दोनूय वटांनी पिन जाय रे बाबा.” दोन्ही टोकांना पिन हवी. भुजा वर जाते तेव्हा ती वर्तुळात फिरते, सरळ रेषेत नाही. सिलिंडरलाही तिच्याबरोबर कलता आले पाहिजे. पक्का बांधला तर दट्ट्याची दांडी वाकते, रबर एका बाजूला घासते आणि सगळा जोर तिथेच जातो. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकाला रस्त्याच्या कामावर उभा असलेला जेसीबी दाखवला. प्रत्येक सिलिंडरला खरोखरच मागे आणि पुढे अशा दोन पिना होत्या.

सुताराकडून चार मिलिमीटर प्लायवूडचे तुकडे फुकट मिळाले. तीन मिलिमीटरचे डझनभर बोल्ट आणले. त्यांना दोन-दोन नट लावायचे आणि एकमेकांवर आवळायचे, म्हणजे सांधा ढिला राहूनही नट सुटत नाही. सिरिंज लाकडाच्या छोट्या पट्टीवर केबल टायने बांधली आणि पट्टीला आरपार बोल्ट घातला. दट्ट्याच्या अंगठ्याच्या चकतीला भोक पाडताना ती तडकते, त्यामुळे तिथेही दांडीलाच पट्टी बांधली.

जोडाची जागा बदलण्याचा विचार याच वेळी केला. तीन सेंटिमीटरऐवजी पाच सेंटिमीटरवर जोडले तर २६०० भागिले ५, म्हणजे ५२० ग्रॅमच जोर पुरतो. मग दहा सेंटिमीटरवरच का नको, असे लेकाने विचारले. कारण दट्ट्या फक्त ५.८ सेंटिमीटर सरकतो. पाचवर जोडला तर भुजा साधारण पासष्ट-सत्तर अंश फिरते, दहावर जोडला तर त्याच्या निम्मी. तीनवर असताना उलट झाले होते. भुजा लवकर टोकाला पोहोचायची आणि दट्ट्याची बरीचशी धाव वाया जायची. आम्ही भुजेला तीन, चार, पाच आणि सहा सेंटिमीटरवर भोके पाडून ठेवली, म्हणजे प्रदर्शनात बोल्ट बदलून दाखवता येईल. सिलिंडर भुजेला फार तिरका बसवू नये हेही तेव्हाच कळले. तीस अंशांचा कोन असेल तर जोराचा निम्माच भाग भुजा उचलायला मिळतो.

६ सप्टेंबरला साबणाची वडी उचलली गेली आणि तशीच स्थिर राहिली. चिमटा मात्र बंद व्हायचा आणि पूर्ण उघडायचा नाही. दाबताना आपण हवा तेवढा दाब देऊ शकतो. ओढताना मात्र काम वातावरणाचाच दाब करतो, त्यामुळे तिथे एका वातावरणाच्या पुढे जाता येत नाही. त्याआधीच रबराच्या कडेने बाहेरची हवा आत शोषली जाते. चिमटा जोराने ओढून उघडला की निळ्या पाण्यात नवे बुडबुडे दिसायचे ते याचमुळे. उपाय एका रबर बँडचा होता. बंद करायचे काम पाण्याचे आणि उघडायचे रबर बँडचे.

एकूण खर्च ३०८ रुपये झाला, त्यात तेलाने गेलेल्यांच्या बदली आणि राखीव अशा चार सिरिंजचे ४० रुपये आले. बसभाडे वेगळे.

१२ तारखेला सकाळी आठला टेबल मिळाले आणि परीक्षक दीड वाजता आले. या साडेपाच तासांत प्रत्येक येणाऱ्या मुलाला दट्ट्या दाबून बघायचा होता. अकरा वाजता एक नळी निसटली आणि टेबलक्लॉथ निळा झाला. बरोबर उकळलेल्या पाण्याची बाटली, कात्री आणि जुना टॉवेल होता म्हणून निभावले. नळीच्या टोकाचा सैल झालेला सेंटिमीटरभर तुकडा कापून टाकायचा आणि नवीन टोक चढवायचे, दहा मिनिटांत काम होते. थर्मासमध्ये गरम पाणी जरूर न्या.

परीक्षकांनी विचारले, “छोट्या सिरिंजने मोठी ढकलली तर जोर वाढतो म्हणतोस, मग हा जादा जोर आला कुठून?” लेकाने तिसरी ५ मिलीची सिरिंज जोडून ठेवलीच होती. तिचे क्षेत्रफळ सुमारे १.२, मोठीचे १.७, म्हणजे जोर जवळजवळ दीडपट. त्याने छोटा दट्ट्या पूर्ण, ४.२ सेंटिमीटर दाबला आणि मोठा किती सरकला ते पट्टीने दाखवले. २.९ सेंटिमीटर. “जोर वाढला तेवढे अंतर कमी झाले, सर.” मग त्यांनी बुडबुड्यांच्या नोंदीचे पान उलटून पूर्ण वाचले. शाळेतून तालुक्याला दोन मॉडेल गेली, त्यात आमचे नव्हते. लेक घरी येऊन बराच वेळ गप्प बसला होता. रात्री जेवताना म्हणाला की खांद्याला २० मिलीची सिरिंज लावायला हवी होती. ते खरेच होते, कारण खांद्यावर दोन्ही भुजांचे वजन येते.

ऑक्टोबरमध्ये वाड्यावरची मुले नरकासुराचा सांगाडा बांधत होती. त्यांना नरकासुराचा एक हात हलवून हवा होता. लेकाने वही काढली. हात साठ सेंटिमीटरचा, वजन एक किलो, मधोमध धरले तर तीस सेंटिमीटरवर. पाच सेंटिमीटरवर जोडला तर सहा किलो जोर हवा. १० मिलीच्या सिरिंजला ते दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो पडले असते आणि नळी नक्की निसटली असती. म्हणून त्याने हातावर ५० मिलीची सिरिंज बसवली आणि दाबायला २० मिलीची घेतली. दाब एका किलोवर आला. छोटी पूर्ण दाबली तर मोठी साडेतीन सेंटिमीटरच सरकते, पण तेवढ्याने हात चाळीसएक अंश उठतो. नळी या वेळी बारीक तारेने बांधली.

१९ ऑक्टोबरच्या रात्री तो हात पहाटेपर्यंत वरखाली होत राहिला. दहनाआधी लेक शिडीवर चढला, केबल टाय कापले आणि दोन्ही सिरिंज नळीसकट खाली काढून घेतल्या. प्लॅस्टिक आगीत जाऊ द्यायचे नव्हते. घरी आल्यावर त्याने त्यातले पाणी काढले, रबराला ग्लिसरीन लावले आणि दट्ट्ये बाहेर काढून त्या वाळत ठेवल्या.